व्ह्यूज तितकेच, उत्पन्न मात्र वेगळे

आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात रथ निघतो. जळगाव शहरात सामावलेल्या या जुन्या गावाचा तो मोठा उत्सव. रथावर पूर्वी केळी आणि फुले उधळणारे हातच दिसत. आता त्यांच्याबरोबर मोबाईल धरलेले शेकडो हातही दिसतात. त्यांतील काही चित्रफिती यूट्यूबवर जातात आणि रथ परत जागेवर येण्यापूर्वीच हजारो लोकांनी पाहिलेल्या असतात. पुढे घरात हिशेब सुरू होतो : 'एक लाख लोकांनी पाहिले, तर पैसे किती मिळतील?'

या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, आणि ते नाही हेच प्रथम समजून घेतले पाहिजे. पाहिल्याच्या नोंदींना, म्हणजेच 'व्ह्यूज'ना, ठरावीक भाव नसतो. यूट्यूब निर्मात्याला मोबदला देते तो प्रामुख्याने चित्रफितीबरोबर दाखविलेल्या जाहिरातींच्या पैशांतून. जाहिरात दाखविलीच गेली नाही, तर पाहणाऱ्यांची संख्या कितीही मोठी असो, त्या नोंदींतून जाहिरातीचे उत्पन्न शून्यच राहते. त्यातही लहान वाहिनीला जाहिरातींतील वाटा आपोआप मिळत नाही. एक हजार सदस्य आणि मागील बारा महिन्यांत चार हजार तासांचे प्रेक्षण, किंवा नव्वद दिवसांत आखूड चित्रफितींचे एक कोटी व्ह्यूज, ही अट पूर्ण करून अर्ज मंजूर व्हावा लागतो.

खानदेशात हा विषय केवळ तात्त्विक राहिलेला नाही. मालेगावच्या 'छोटू दादा'च्या विनोदी चित्रफिती कोट्यवधी वेळा पाहिल्या गेल्या आहेत. 'हाई झुमकावाली पोर' या अहिराणी गीताने तर खानदेशाच्या सीमा केव्हाच ओलांडल्या. असे यश पाहून गावोगावचे तरुण कॅमेरा घेतात, प्रसंगी त्यासाठी कर्जही काढतात, आणि परतफेडीचा अंदाज व्ह्यूजच्या आकड्यावरून बांधतात. चूक होते ती नेमकी येथे.

येथे दोन दर ओळखून घ्यावे लागतात. पडद्यावर त्यांची नावे CPM आणि RPM अशी दिसतात. पहिला दर जाहिरातदाराच्या बाजूचा : आपली जाहिरात एक हजार वेळा दाखविण्यासाठी तो किती रक्कम देतो. दुसरा निर्मात्याच्या बाजूचा : चित्रफितीच्या दर हजार व्ह्यूजमागे, यूट्यूबचा हिस्सा वजा जाऊन, प्रत्यक्ष हाती किती पडले. नेहमीच्या लांब चित्रफितींवरील जाहिरातींच्या उत्पन्नापैकी ५५ टक्के निर्मात्याला मिळतात. परंतु दोन्ही दरांतील अंतर केवळ या हिश्श्यामुळे पडत नाही. पहिल्या दराचा भाजक जाहिराती आहे, दुसऱ्याचा भाजक सर्व व्ह्यूज आहेत; ज्यांना जाहिरात दिसलीच नाही, तेही त्यात मोजले जातात.

एक उदाहरण घेऊ. यातील आकडे समजुतीसाठी कल्पिलेले आहेत; बाजारभाव म्हणून ते कोणी वापरू नयेत. पिंप्राळ्यातील एका घरातून दोन चित्रफिती प्रसिद्ध झाल्या. पहिली सहा मिनिटांचा अहिराणी विनोदी प्रवेश, दुसरी वांग्याच्या भरिताची बारा मिनिटांची कृती. दोन्हींना एकेक लाख व्ह्यूज मिळाले.

विनोदी प्रवेश पाहणारे जवळजवळ सर्वच जळगाव, धुळे, नंदुरबार आणि सुरतेकडचे. एक लाख व्ह्यूजवर चाळीस हजार वेळा जाहिरात दाखविली गेली आणि दर हजारी साठ रुपये भाव मिळाला. जाहिरातदारांनी दिले २,४०० रुपये. त्यांचे ५५ टक्के म्हणजे १,३२० रुपये निर्मात्याचे. दर हजार व्ह्यूजमागे उत्पन्न पडले १३ रुपये २० पैसे.

भरिताची कृती मात्र ऐंशी हजार वेळा भारतात आणि वीस हजार वेळा परदेशी पाहिली गेली. भारतात पन्नास हजार जाहिराती दर हजारी ऐंशी रुपयांनी लागल्या : ४,००० रुपये. परदेशी वीस हजार जाहिराती दर हजारी आठशे रुपयांनी लागल्या : १६,००० रुपये. एकूण २०,००० रुपये, त्यांतील निर्मात्याचा वाटा ११,००० रुपये. दर हजारी उत्पन्न ११० रुपये, म्हणजे पहिल्या चित्रफितीच्या आठपटींहून अधिक. प्रेक्षकांचा पाचवा भाग परदेशी होता; त्यानेच रकमेचे पाच भागांपैकी चार भाग आणले.

भरीत खाणारा माणूस परदेशी गेला म्हणून त्याची किंमत वाढते काय? जाहिरातदाराच्या दृष्टीने ती खरोखरच वाढते. प्रत्येक वेळी चित्रफीत उघडली जाते तेव्हा त्या पाहणाऱ्यापुढे जाहिरात ठेवण्याच्या संधीचा क्षणार्धात लिलाव होतो. त्या व्यक्तीचा देश, भाषा, तिने यापूर्वी कशात रस दाखविला, चित्रफितीचा विषय कोणता, या गोष्टी पाहून जाहिरातदारांच्या बोली लागतात. बोली किती चढवायची हे एका ग्राहकापासून मिळणाऱ्या नफ्यावर ठरते. दहा रुपयांची शांपूची पुडी विकणारा ती पुडी खपविण्यासाठी फार देऊ शकत नाही. अमेरिकेत मोटारीचा विमा विकणारी कंपनी एका ग्राहकाकडून अनेक वर्षे हप्ते घेते. तिला चढी बोली परवडते. शिवाय अशा अनेक कंपन्या एकाच प्रेक्षकासाठी परस्परांशी झगडत असतात. यावल-रावेरच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावयास नको. माल तोच असला तरी बांधावर एक व्यापारी आला आणि पाच आले, यांत भावाचा फरक पडतोच.

भारतातील भाव कमी राहण्याचे दुसरे कारण पुरवठ्याचे आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाईलवरील डेटा अत्यंत स्वस्त झाला आणि चित्रफिती पाहणारे कोट्यवधींनी वाढले. जाहिरातींसाठी जागा जितक्या वेगाने निर्माण झाल्या, तितक्या वेगाने त्या विकत घेणाऱ्यांच्या थैल्या भरल्या नाहीत. त्यातही इंग्रजी वा हिंदी प्रेक्षकासाठी बोली लावणारे पुष्कळ असतात; फक्त खानदेशातील प्रेक्षक हवा असणारा जाहिरातदार बहुधा जळगावचा सराफ, शिकवणी वर्ग किंवा वाहनविक्रेता असतो. त्याची पेढी मोठी असेल, परंतु जाहिरातीचा पैसा तो अजूनही फलकांवर आणि स्थानिक वृत्तपत्रांवर खर्च करणे पसंत करतो.

मराठीत राहूनही परदेशी प्रेक्षक मिळू शकतो. मधुरा बाचल यांनी २००९ साली अमेरिकेत राहत असताना पाककृतींच्या चित्रफिती करावयास आरंभ केला. घरापासून दूर असलेल्या मराठी माणसाला पुरणपोळी कशी करावी हे विचारायला शेजारी कोणी नसते, ही गरज अशा वाहिन्या भागवितात. मात्र मजकूर तोच ठेवून केवळ मथळा इंग्रजी केल्याने परदेशी प्रेक्षक येत नाही. आलाच तर काही सेकंदांत निघून जातो.

देशाखेरीज आणखी काही बाबी दर हलवितात. चित्रफीत आठ मिनिटांची वा अधिक असेल तर मध्येही जाहिरात ठेवता येते. आपल्या उदाहरणातील भरिताला हा लाभ होता, विनोदी प्रवेशाला नव्हता. दसरा-दिवाळीपासून डिसेंबरपर्यंत बोली चढतात आणि जानेवारीत उतरतात, कारण नव्या वर्षाचे अंदाजपत्रक जाहिरातदारांनी नुकतेच उघडलेले असते. शिक्षक बंधुभगिनींनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. बालगीते किंवा बालगोष्टींची चित्रफीत मुलांसाठी म्हणून नोंदवावी लागते, आणि जानेवारी २०२० पासून अशा चित्रफितींवर प्रेक्षकाची आवडनिवड पाहून निवडलेल्या जाहिराती दाखविल्या जात नाहीत. त्यामुळे बोली कमी लागते. मुलांच्या संरक्षणासाठी केलेला हा नियम योग्यच आहे; उत्पन्न वाढावे म्हणून बालगीताला प्रौढांची चित्रफीत ठरविणे हा नियमभंग होय.

'शॉर्ट्स' या आखूड चित्रफितींचा हिशेब निराळा. त्यांच्या मधून मधून दिसणाऱ्या जाहिरातींचा पैसा एकत्र जमा होतो, संगीताच्या हक्कांचा खर्च त्यातून भागतो, उरलेली रक्कम देशानिहाय व्ह्यूजच्या प्रमाणात निर्मात्यांच्या नावे पडते आणि तिचे ४५ टक्के त्यांना मिळतात. ही पद्धत १ फेब्रुवारी २०२३ पासून आहे. येथे दर हजारी उत्पन्न लांब चित्रफितींच्या मानाने सामान्यतः पुष्कळच कमी असते. रथाच्या तीस सेकंदांच्या चित्रफितीला लाख व्ह्यूज मिळून हाती चहापाण्यापुरते पैसे आले, तर त्यात कोणी फसविले असे मानण्याचे कारण नाही.

उत्पन्न घटले तर कारण शोधता येते. YouTube Studio मध्ये Analytics या विभागात उत्पन्नाचे पान असते. प्रथम देशांची विभागणी पाहावी. परदेशी प्रेक्षकांचा वाटा घटला असेल तर उत्तर तेथेच मिळाले. विभागणी तीच असून Playback-based CPM खाली आला असेल, तर बोलीच उतरली आहे. बहुधा हंगाम संपला. तो दर स्थिर असून केवळ RPM घसरला असेल, तर जाहिराती कमी वेळा लागत आहेत. मग एखाद्या चित्रफितीवर जाहिरातीस मर्यादा आली आहे काय, आखूड चित्रफितींचे प्रमाण वाढले आहे काय, किंवा पार्श्वभूमीला वाजलेल्या भक्तिगीतावर ध्वनिमुद्रण कंपनीने हक्क सांगितला आहे काय, हे तपासावे. मिरवणुकीच्या चित्रफितींत हा शेवटचा प्रकार नेहमी घडतो. वाजंत्री आपली असली तरी ध्वनिक्षेपकावरील गाणे आपले नसते, आणि त्या चित्रफितीचे उत्पन्न हक्कदाराकडे जाऊ शकते.

विकत घेतलेल्या व्ह्यूजबद्दलही येथेच सांगितले पाहिजे. बनावट म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रेक्षणावरील रक्कम हिशेबातून वजा होते, कधी वाहिनीची जाहिरातच बंद होते. महिन्याच्या मध्यावर दिसणारा आकडा अंदाजी असतो. अंतिम आकडा पुढील महिन्यात ठरतो. कर्जाच्या प्रस्तावाला कोणी व्ह्यूजचे छायाचित्र जोडले असेल, तर ते बाजूस ठेवून मागील बारा महिन्यांच्या प्रत्यक्ष जमेच्या नोंदी मागाव्यात. बारा महिने म्हणण्याचे कारण इतकेच की दिवाळीच्या तिमाहीवरून वर्षाचा अंदाज काढला तर तो हमखास फुगतो.

रक्कम हाती येण्यापूर्वी आणखी दोन टप्पे असतात. अमेरिकेतील प्रेक्षकांमुळे मिळालेल्या भागावर तेथील कर कापला जातो. कराचा अर्ज भरून भारत-अमेरिका कराराचा लाभ घेतल्यास ही कपात १५ टक्के राहते. अर्ज भरलाच नाही तर जगभरच्या उत्पन्नातूनही अधिक दराने कपात होऊ शकते. दुसरे असे की खात्यावर शंभर डॉलर जमल्याखेरीज रक्कम पाठविली जात नाही. डॉलरचा भाव ८५ रुपये धरला तर हे ८,५०० रुपये झाले. आपल्या उदाहरणातील दराने विनोदी प्रवेशांना तेथवर पोहोचण्यास सुमारे ६ लाख ४४ हजार व्ह्यूज लागतील, भरिताला सुमारे ७७ हजार. तत्पूर्वी, खात्यावर दहा डॉलर जमल्यावर, पत्ता पडताळण्यासाठी एक सांकेतिक क्रमांक साध्या टपालाने घरी येतो. हे पाकीट घरातील कोणी जाहिरात समजून टाकून देण्याचा संभव असतो. तेव्हा पोस्टमनला आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.