पाऊल लोंबतंय, पण नस दुखावली कुठे?

प्रश्न : फिब्युलाची मान मोडली की पाऊल लोंबतं, कमरेतलं एल-५ मूळ दाबलं गेलं तरीही लोंबतं. परीक्षेत फरक कसा ओळखायचा?
– एमबीबीएस विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : पाऊल आत वळवायची ताकद बघा. कॉमन पेरोनिअल नर्व्ह फिब्युलाच्या मानेला वळसा घालते आणि तिथे जवळजवळ कातडीखालीच असते, म्हणून हाडाबरोबर तीही दुखावते. मग पाऊल वर उचलत नाही, बाहेर वळत नाही, पावलाची वरची बाजू बधिर होते. आत मात्र वळतं, कारण टिबिआलिस पोस्टीरिअर हा स्नायू टिबिअल नर्व्हवर चालतो. एल-५ दुखावल्यास तोही कमजोर पडतो. त्याचे तंतू त्याच मुळातून येतात. फक्त तपासताना पाऊल खाली झुकवलेलं ठेवा, नाहीतर लुळ्या टिबिआलिस अँटीरिअरमुळे फसाल.