क्षणभंगुर मेनूचे चित्र कसे घ्यावे?

या वर्षी आमच्या भाषा विभागाने प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी एक लहानशी पुस्तिका काढावयाचे ठरविले. संगणकावर मराठी निबंध लिहिताना शुद्धलेखन कसे तपासावे, एवढाच तिचा विषय. त्यातील चित्रांचे काम माझ्याकडे आले. लिब्रेऑफिस रायटरमध्ये चुकलेल्या शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ येते. त्या शब्दावर माउसची उजवी कळ दाबली की एक मेनू उघडतो. त्यात वर योग्य शब्दांच्या सूचना असतात आणि खाली Ignore All, Add to Dictionary अशा ओळी. पुस्तिकेत हवे होते ते नेमके या मेनूचे चित्र. 'परिक्षा' असे लिहून त्यावर मी उजवी कळ दाबली, सूचनांत 'परीक्षा' हा शब्द आला, आणि कळफलकावरील PrtSc ही कळ दाबली. काहीच घडले नाही.

ही कळ बिघडलेली नव्हती. मेनू Esc ने बंद केला की ती निमूटपणे काम करी. हा अनुभव लिनक्सच्या पुष्कळ संगणकांवर येतो आणि त्याचे कारण जाणून घेण्याजोगे आहे. आमच्या प्रयोगशाळेतील संगणकांवर पडद्यावर खिडक्या काढण्याचे काम 'एक्स' नावाची यंत्रणा करते. १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत तिचा आरंभ झाला आणि १९८७ साली आलेली तिची अकरावी आवृत्ती आजही अनेक ठिकाणी चालू आहे. या यंत्रणेत पॉप-अप मेनू उघडला की तो माउस आणि कळफलक हे दोन्ही आपल्या ताब्यात घेतो. मेनूच्या बाहेर कोठेही टिचकी मारली तरी ती त्याला कळावी आणि त्याने मिटून जावे, यासाठी ही योजना. एका वेळी हा ताबा एकालाच मिळतो. त्यामुळे PrtSc चा संदेश चित्र घेणाऱ्या प्रोग्रामपर्यंत पोहोचतच नाही. बरे, तो प्रोग्राम माउसने उघडावयास जावे, तर त्या टिचकीसरशी मेनू नाहीसा होतो. म्हणजे हात मेनूवरून काढायचा नाही आणि चित्रही घ्यायचे, असा पेच.

यावरचा उपाय आपल्या ओळखीचा आहे. जुन्या कॅमेऱ्यांना एक खटका असे. तो दाबून छायाचित्रकार धावत जाऊन सर्वांच्या रांगेत उभा राही आणि काही सेकंदांनी कॅमेरा आपोआप चित्र घेई. येथेही तसेच करावयाचे. आमच्याकडील एक्सएफसीई या डेस्कटॉपवर स्क्रीनशॉटचा जो प्रोग्राम आहे, त्याच्या खिडकीत Entire screen निवडावे आणि Delay before capturing समोर ५ सेकंद लिहावे. टर्मिनलमधून हेच काम एका ओळीत होते :

```
xfce4-screenshooter -f -d 5
```

यातील `-f` म्हणजे संपूर्ण पडदा आणि `-d 5` म्हणजे पाच सेकंदांचा विलंब. आज्ञा दिली की रायटरच्या खिडकीकडे जावे, शब्दावर उजवी कळ दाबावी, बाण हव्या त्या ओळीवर न्यावा आणि हात स्थिर ठेवावा. मेनू उघडून वाट पाहत बसले तरी चालते. उशीर मात्र चालत नाही. मला साध्या मेनूस पाच सेकंद पुरले. पण Set Language for Selection सारख्या ओळीतून जो दुसरा मेनू बाजूला फुटतो, त्याला आठ सेकंद द्यावे लागले, कारण तो बाण ओळीवर क्षणभर थांबल्यावरच उघडतो.

Active window हा पर्याय येथे मोहात पाडतो, पण तो टाळावा. मेनू खिडकीच्या कडेबाहेर लोंबत असेल तर तेवढा भाग चित्रात येत नाही. Capture the mouse pointer ही खूणही मी काढून टाकली. निवडलेली ओळ रंगाने उठून दिसतेच. वर बाण आला तर तो दोन अक्षरे खातो.

आता हाती आले ते १३६६ × ७६८ पिक्सेलांचे संपूर्ण पडद्याचे चित्र. ते तसेच का छापू नये? पुस्तिकेत मजकुराची रुंदी १२ सेंटिमीटर. माझा मेनू २४८ पिक्सेल रुंद होता; म्हणजे सगळा पडदा १२ सेंटिमीटरांत बसविला की मेनूच्या वाट्याला जेमतेम २.२ सेंटिमीटर येणार आणि बारा पिक्सेल उंचीचे अक्षर एक मिलिमीटरभर उरणार. त्यातला अनुस्वार कोणाला दिसणार? उलट तेवढाच मेनू कापून घेतला तर तो सहा-साडेसहा सेंटिमीटर रुंद छापता येतो आणि चष्मा लावणाऱ्यालाही वाचता येतो.

कापण्यासाठी मी गिम्प हा प्रोग्राम वापरला. Shift+C दाबले की कातरीचे साधन हाती येते. मेनूभोवती अंदाजाने चौकोन ओढावा आणि मग 4 ही कळ दाबून चित्र आठपट मोठे करावे. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी मेनूची एका पिक्सेलची राखाडी कड आता स्पष्ट दिसते. माझ्या चित्रात डाव्या कडेचा पहिला पिक्सेल ५३४ वर आणि उजव्या कडेचा शेवटचा ७८१ वर होता. वजाबाकी २४७ येते, पण रुंदी २४८ भरवावयाची, कारण दोन्ही टोकांचे पिक्सेल मोजावयाचे असतात. हा एक विसरला की उजवी कड गळते आणि मेनू फाटल्यासारखा दिसतो. तसेच उभ्या दिशेने २८६ ते ६१६, म्हणजे उंची ३३१. हे आकडे साधनाच्या Position आणि Size या चौकटींत लिहून Enter दाबले की झाले. कडेला धूसर सावली दिसत असेल तर ती कापत बसण्यापेक्षा Window Manager Tweaks मधील Compositor या पानावरची Show shadows under popup windows ही खूण काढून चित्र पुन्हा घेणे सोपे.

शेवटी Shift+Ctrl+E ने चित्र निर्यात करावे, आणि तेही पीएनजी या प्रकारात. जेपेग हा प्रकार निसर्गदृश्यांसाठी उत्तम. पण तो चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलांचे तुकडे करून त्यांतील बारकावे गाळतो. त्यामुळे काळ्या अक्षरांभोवती मळकट ठिपके उमटतात. रोमन लिपीत ते खपून जाते. आपल्याकडे मात्र अनुस्वार हाच मुळी एक ठिपका!

कापण्यासंबंधी आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मी ज्या संगणकावर काम करीत होतो, त्यावर रायटरच्या मागे दुसऱ्या खिडकीत एका वर्गाच्या चाचणीचे गुण उघडे होते आणि संपूर्ण पडद्याच्या चित्रात विद्यार्थ्यांच्या नावांसह ते उतरले होते. संपादक मंडळातील एक मित्र म्हणाला, "चित्र रायटरमध्ये घालून तिथेच काप, वेळ वाचेल." पण रायटरमध्ये चित्र कापले की कडेचा भाग केवळ झाकला जातो, मूळ चित्र फायलीत तसेच राहते आणि ती फाइल ज्याच्या हाती जाईल तो झाकण काढू शकतो. गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ फायलीतही कापलेला भाग कधी कधी शिल्लक राहतो. निर्यात केलेल्या पीएनजीत मात्र दिसते तेवढेच असते. तीही नव्या नावाने साठवावी, जुन्या फायलीवर नव्हे. २०२३ च्या मार्चमध्ये विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये आणि गूगलच्या पिक्सेल फोनांवर असा दोष उघडकीस आला की, कापलेले छोटे चित्र जुन्या मोठ्या फायलीवरच लिहिले जाई आणि जुन्या फायलीचे शेपूट मागे राही. त्यातून कापून टाकलेला भाग परत मिळविता येत असे. पुढे तो दोष दुरुस्त झाला, परंतु आधी वाटल्या गेलेल्या फायली तशाच राहिल्या.

मित्राला मी दोन्ही फायली दाखविल्या. रायटरमधल्या चित्रावर उजवी कळ दाबून कापलेल्या कडा त्याने स्वतःच पूर्ववत केल्या, गुणांची यादी वर आली, आणि मग पुस्तिकेतील उरलेली अकरा चित्रे आम्ही दोघांनी गिम्पमध्येच कापली.