बिल ऑफ एन्ट्री वाचा, मगच मालाचा पडता काढा

परदेशातून कापड मागवणारे आपले अनेक व्यापारी बंधू कस्टमचे बिल ऑफ एन्ट्री फाइलला लावून मोकळे होतात. क्लिअरिंग एजंटने सांगितलेली ड्युटीची एकूण रक्कम घ्यायची, ती सगळ्या मालावर किमतीच्या हिशेबाने वाटायची आणि पडता काढायचा, अशी सर्रास रीत आहे. एकाच बिलात दोन जातींचा माल असेल तर ही रीत घात करते. कसा, ते एका हिशेबाने पाहू.

समजा, चीनमधून पॉलिएस्टरचे रंगीत निटेड कापड न्हावा शेवा बंदरात आले. ‘अ’ जात ३,००० किलो, भाव किलोला ४.२० डॉलर. ‘ब’ जात १,००० किलो, भाव ८.४० डॉलर. सौदा सीआयएफ, म्हणजे जहाजाचे भाडे आणि विमा भावातच धरलेला. बिलातला कस्टमचा डॉलरचा दर ८५ रुपये धरू.

बिलाच्या पहिल्या भागात एकूण रकमांचा गोषवारा असतो. एजंट सांगतो तो आकडा इथला. दुसऱ्या भागात इनव्हॉइस आणि मूल्यांकन असते. तिसऱ्या भागात प्रत्येक जातीची ड्युटी वेगळी मांडलेली असते. पडता काढणाऱ्याने हा तिसरा भाग समोर ठेवावा.

या भागात प्रत्येक जातीसमोर आधी असेसेबल व्हॅल्यू, म्हणजे ड्युटी आकारण्यासाठी धरलेली किंमत दिसते. ‘अ’ची १२,६०० डॉलर गुणिले ८५, म्हणजे १०,७१,००० रुपये. ‘ब’ची ८,४०० गुणिले ८५, म्हणजे ७,१४,००० रुपये. सौदा एफओबी असेल तर भाडे आणि विमा यात मिळवलेला आहे का, ते दुसऱ्या भागात पाहावे. भाड्याचा आकडा कळण्याजोगा नसेल तर कस्टम एफओबी किमतीच्या २० टक्के भाडे धरते आणि विम्याचा नसेल तर १.१२५ टक्के. खरे भाडे बहुधा याहून कमी असते, म्हणून भाड्याची पावती एजंटकडे वेळेवर पोहोचवावी. पूर्वी किमतीवर १ टक्का उतराईखर्च चढवत असत. तो २०१७ साली बंद झाला.

त्यानंतर येते बीसीडी, म्हणजे मूळ कस्टम ड्युटी. इथे नीट लक्ष द्या. २०२५च्या अर्थसंकल्पात निटेड कापडाच्या नऊ टॅरिफ नोंदींवर ‘२० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, यांपैकी जे जास्त’ असा दर लागला. आपले कापड त्यांपैकी आहे.

‘अ’ची २० टक्क्यांनी ड्युटी होते २,१४,२०० रुपये. किलोने होते ३,४५,००० रुपये. जास्त ती लागणार, म्हणजे ३,४५,०००. ‘ब’ची २० टक्क्यांनी १,४२,८०० आणि किलोने १,१५,०००. इथे टक्केवारी जास्त, म्हणून १,४२,८००.

कोणत्या जातीला कोणता दर लागेल, हे सौदा करतानाच कळू शकते. ११५ हे ५७५चे २० टक्के होतात. असेसेबल व्हॅल्यू किलोला ५७५ रुपयांच्या आत असेल तर किलोचा दर लागतो, वर असेल तर टक्केवारी. आपली ‘अ’ जात किलोला ३५७ आहे, ‘ब’ ७१४.

पुढची ओळ एसडब्ल्यूएस, म्हणजे समाजकल्याण अधिभार. तो किमतीवर नसून बीसीडीच्या १० टक्के असतो. ‘अ’वर ३४,५०० आणि ‘ब’वर १४,२८०. शेवटी आयजीएसटी, या कापडावर ५ टक्के. तो असेसेबल व्हॅल्यू, बीसीडी आणि अधिभार या तिघांच्या बेरजेवर लागतो. ‘अ’ची बेरीज १४,५०,५००, कर ७२,५२५. ‘ब’ची ८,७१,०८०, कर ४३,५५४. सगळी ड्युटी मिळून ६,५२,६५९ रुपये. हा आकडा पहिल्या भागातल्या एकूण ड्युटीशी जुळला पाहिजे. प्रत्येक ओळीत ‘ड्युटी फोरगॉन’ म्हणून एक रकाना असतो. ती सवलतीने माफ झालेली रक्कम आहे, भरलेली नाही. ती बेरजेत घेऊ नये.

आता पडता. असेसेबल व्हॅल्यू ही आपली खरेदी किंमत नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवावे. ती कस्टमच्या दराने काढलेली आहे. बँकेने आपल्या खात्यातून ज्या दराने पैसे वळते केले, तो दर पडत्यात धरायचा. तो ८६ धरला तर ‘अ’चे १०,८३,६०० आणि ‘ब’चे ७,२२,४०० होतात. आयजीएसटी पडत्यात धरू नये, कारण नियमित जीएसटी नोंदणी असलेल्याला त्याची जमा मिळते. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याला जमा मिळत नाही, त्याने मात्र तो खर्चात धरावा. बिल उशिरा दाखल केल्याचा दंड किंवा ड्युटी उशिरा भरल्याचे व्याज असेल, तर त्याची जमा मिळत नाही; तो खर्चच.

बंदर, गोदाम, एजंट आणि लॉरी मिळून जीएसटी वगळून ६०,००० रुपये झाले असे धरू. हा खर्च वजनाने होतो, म्हणून वजनानेच वाटावा: ४,००० किलोंवर किलोला १५ रुपये.

‘अ’ जात: १०,८३,६०० + ३,४५,००० + ३४,५०० + ४५,००० = १५,०८,१००. भागिले ३,०००, पडता किलोला ५०२.७० रुपये.

‘ब’ जात: ७,२२,४०० + १,४२,८०० + १४,२८० + १५,००० = ८,९४,४८०. भागिले १,०००, पडता किलोला ८९४.४८ रुपये.

आता तीच ड्युटी जुन्या रीतीने वाटून पाहा. बीसीडी आणि अधिभार मिळून ५,३६,५८० रुपये. किमतीच्या ६० आणि ४० या प्रमाणात वाटले तर ‘अ’च्या वाट्याला ३,२१,९४८ येतात, जेव्हा तिच्यावर प्रत्यक्षात ३,७९,५०० भरले आहेत. ‘अ’चा पडता किलोला १९ रुपयांनी कमी दिसतो, ‘ब’चा सुमारे ५८ रुपयांनी जास्त. मग स्वस्त माल १५ रुपये नफा धरून विकणारा दर किलोला ४ रुपये पदरचे घालतो आणि महाग माल भाव चढा म्हणून गोदामात पडून राहतो. माल झपाट्याने खपतो आहे पण गल्ल्यात पैसा दिसत नाही, असे झाले तर हा हिशेब आधी तपासावा.

किलोच्या दरात वजनाची चूकही महागात पडते. पॅकिंग लिस्टमधले निव्वळ वजन आणि बिलातली क्वांटिटी ताडून पाहा. पुठ्ठ्याच्या नळ्या आणि प्लॅस्टिक मिळून ६० किलो भरले आणि एजंटने ढोबळ वजन लिहिले, तर ‘अ’ जातीवर बीसीडी आणि अधिभार मिळून ७,५९० रुपये विनाकारण जातात. ही तपासणी ड्युटी भरण्याआधी, चेकलिस्टवर सही करतानाच करावी. नंतर दुरुस्ती होते, पण अर्ज आणि परताव्याच्या खेपा घालाव्या लागतात.

मीटरने विकणाऱ्यांनी एक पायरी आणखी करावी. ‘अ’ कापड १८० जीएसएमचे, पन्हा १.५२ मीटर असेल तर एका मीटरचे वजन ०.१८० गुणिले १.५२, म्हणजे सुमारे २७४ ग्रॅम. पडता मीटरला साधारण १३७ रुपये ५० पैसे. कटाई आणि डागी माल यांची घट त्यावर वेगळी धरावी.

ड्युटीचे दर बदलत असतात. म्हणून मागच्या खेपेचा दर वहीतून उचलू नये. प्रत्येक बिलाच्या तिसऱ्या भागात छापलेला दर आणि नोटिफिकेशन क्रमांक पाहूनच हिशेब मांडावा.