विषम भूमीवरील दौड : मार्गाची निवड, गतीचे नियोजन आणि सुरक्षितता
(माध्यमिक विभागासाठी शारीरिक शिक्षणाचा एक पाठघटक)

काही वर्षांपूर्वी मी विदर्भातील दुसऱ्या एका निवासी शाळेत क्रीडाशिक्षक होतो. फेब्रुवारीतील एका सकाळी तेथील एक्केचाळीस विद्यार्थी क्रॉस-कंट्री दौडीसाठी बाहेर पडले आणि चाळीसच परत आले. ही गोष्ट माझ्या ध्यानी आली ती पंचवीस मिनिटांनी, न्याहारीच्या पंगतीत एक जागा रिकामी दिसली तेव्हा. इयत्ता आठवीतील तो मुलगा एका बांधाआड घोटा धरून बसला होता. त्याने हाका मारल्या होत्या; पण तूर उभी असलेल्या शेतापलीकडून त्या कोणास ऐकू येणार?

पुढे त्याच्याशी शांतपणे बोललो, तेव्हा अपघाताची साखळी उलगडली. मोठ्या मुलांच्या बरोबरीने तो पहिले पाचशे मीटर वेगाने धावला. टेकाडावर त्याचा श्वास तुटला. तो सर्वांच्या मागे पडला आणि मागे पडल्याची लाज वाटून, वळसा टाळण्यासाठी, कापूस निघालेल्या शेतातून आडवा शिरला. तेथे काळ्या जमिनीला भेगा पडल्या होत्या; त्यांतील एकीत त्याचा पाय गेला. म्हणजे गतीची चूक प्रथम झाली, तिच्यातून मार्गाची चूक निघाली आणि त्या दोहोंवर माझ्या मोजणीच्या चुकीने कळस चढवला. तेव्हापासून मार्ग, गती आणि सुरक्षितता हे तीन स्वतंत्र धडे म्हणून शिकविणे मी सोडून दिले.

पुढील पाठघटक इयत्ता आठवी ते दहावीसाठी आहे. त्याचा कालावधी सहा आठवड्यांचा असून आठवड्यातून दोन तासिका धरल्या आहेत. आमच्याकडे तो डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, सकाळी साडेसहाच्या सुमारास घ्यावा. मार्चनंतर विदर्भातील ऊन या वयाच्या मुलांच्या दीर्घ दौडीस योग्य नाही आणि पावसाळ्यात काळी माती बुटांना अशी चिकटते की प्रत्येक पाऊल दुप्पट जड होते.

पहिल्या दोन तासिकांत कोणी धावू नये. शिक्षकाने विद्यार्थ्यांसह मार्ग पायी चालावा. तत्पूर्वी त्याने एकट्याने तो दोनदा पाहिलेला असावा, आणि त्यांतील एकदा दौडीच्याच वेळी, म्हणजे उजाडतानाच्या तिरप्या प्रकाशात. कारण दुपारी स्पष्ट दिसणारा दगड त्या वेळी सावलीत लपलेला असतो. मार्ग लांब व एकेरी नसावा. सुमारे एक किलोमीटरचे वर्तुळ आखून त्याच्या तीन फेऱ्या कराव्यात. असे केल्याने शिक्षकास प्रत्येक विद्यार्थी तीनदा समोरून जाताना दिसतो आणि कोणीही शाळेपासून फार दूर नसतो. आरंभीचे दोन-तीनशे मीटर रुंद असावेत. सुरुवातीलाच पायवाट अरुंद झाली तर मुले एकमेकांच्या पायांत अडकतात आणि पुढे जाण्यासाठी अकारण वेग वाढवतात.

काय टाळावे, हे त्या-त्या गावच्या जमिनीवरून ठरते. कठडा नसलेली विहीर मार्गालगत असेल, तर तो मार्गच सोडावा. तेथे माणूस उभा करून भागत नाही. कापणीनंतर शेतात राहिलेली तुरीची खुंटे तिरपी छाटलेली व टोकदार असतात. पडलेल्या मुलाच्या तळहातात किंवा गुडघ्यात ती सहज शिरतात. सराट्यांचे काटे पातळ तळाच्या बुटातूनही वर येतात. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी काही ठिकाणी तारेत वीज सोडलेली असते, म्हणून शेतमालकास भेटल्यावाचून कोणताही बांध ओलांडू नये. ही भेट केवळ सौजन्याची नव्हे; कोणत्या झाडावर आग्या मोहोळ आहे आणि कोणाचे कुत्रे मोकळे असते, हेही त्यालाच ठाऊक असते.

मार्ग ठरल्यावर त्यातील वाट निवडणे हे धावणाऱ्याचे काम. येथे विद्यार्थ्यांची नेहमीची चूक म्हणजे स्वतःच्या बुटांकडे पाहणे. नजर चार-पाच पावले पुढे असावी. पाऊल पडण्यापूर्वीच त्याची जागा ठरलेली असावी. चढावर पाऊल आखूड घ्यावे आणि शरीर घोट्यांतून किंचित पुढे कलते ठेवावे, कमरेत वाकू नये. उतारावर मुले पाठ मागे टाकून टाचेवर ब्रेक लावतात. त्याने गुडघ्यावर भार येतो आणि मुरमावर टाच सटकते. तेथे पावले आखूड पण भराभर टाकावीत, गुडघे सैल असावेत, हात तोल सावरण्यासाठी थोडे बाहेर असले तरी चालतील. तिसऱ्या तासिकेस पन्नास मीटरच्या उतारावर हेच सहा-सात वेळा करून घ्यावे. बाकी, बुटाची लेस नीट बांधलेली असणे आणि बूट मापाचा असणे यावर भाषण देण्यापेक्षा रांगेत उभे असतानाच प्रत्येकाचे पाय पाहावेत. वसतिगृहात मोठ्या भावाचे बूट धाकट्याच्या पायात असतात, हे आपण जाणतो.

आता गतीविषयी. सपाट धावपट्टीवर समान वेग हे उत्तम धावण्याचे लक्षण मानले जाते. विषम भूमीवर समान वेग राखू पाहणारा धावक चढावर थकून जातो. येथे समान ठेवावयाचे ते श्रम. वेग जमिनीप्रमाणे बदलू द्यावा. श्रम मोजण्यासाठी उपकरण लागत नाही. पहिल्या फेरीत सपाटीवर विद्यार्थ्यास स्वतःचे पूर्ण नाव, इयत्ता आणि गाव एका श्वासात सांगता आले पाहिजे. चढावर निदान तीन-चार शब्द बोलता यावेत. केवळ एकच शब्द निघत असेल, तर तो वेग शेवटच्या फेरीच्या अखेरच्या टप्प्यासाठी राखून ठेवण्याचा आहे.

इयत्ता नववीतील एका विद्यार्थिनीची नोंद माझ्या वहीत आहे, ती येथे देतो. वर्तुळ असे होते : पाण्याच्या टाकीपासून कडुनिंबापर्यंत तीनशे मीटर सपाटी, पुढे अडीचशे मीटर चढ, माथ्यावर दोनशे मीटर, आणि अडीचशे मीटर उतार. पहिल्या चाचणीत तिने सपाटी १ मिनिट १५ सेकंदांत, चढ १ मिनिट २५ सेकंदांत, माथा १ मिनिट २० सेकंदांत आणि उतार १ मिनिट १० सेकंदांत पार केला. फेरी ५ मिनिटे १० सेकंदांची झाली. ती सर्वांत पुढे होती आणि मैत्रिणी टाळ्या वाजवत होत्या. परंतु माथ्याचा आकडा पाहावा. दोनशे मीटर, तेही सपाट, आणि वेळ मात्र अडीचशे मीटरच्या चढाइतकी! चढावर वाचवलेले सेकंद ती माथ्यावर परत करीत होती. दुसऱ्या फेरीस ६ मिनिटे २० सेकंद, तिसरीस ७ मिनिटे. एकूण १८ मिनिटे ३० सेकंद.

पुढील आठवड्यात तिला एवढेच सांगितले की, चढावर कोणी पुढे गेले तरी जाऊ दे, आणि माथ्यावर पोहोचताच दहा पावलांत धावण्याची लय परत मिळव. या वेळी सपाटीस १ मिनिट ३५ सेकंद, चढास १ मिनिट ५५ सेकंद, माथ्यास १ मिनिट ५ सेकंद आणि उतारास १ मिनिट १५ सेकंद लागले. फेरी ५ मिनिटे ५० सेकंदांची, म्हणजे मागील वेळेपेक्षा चाळीस सेकंदांनी मंद. पण दुसरी फेरी ५ मिनिटे ५५ सेकंदांत आणि तिसरी ५ मिनिटे ४५ सेकंदांत झाली. एकूण १७ मिनिटे ३० सेकंद. आठ दिवसांत शरीराची क्षमता इतकी वाढत नाही. मार्ग परिचित झाल्याचा काही वाटा असेल, हे मी मान्य करतो; तरी मुख्य फरक श्रमाच्या वाटणीचा होता. असे चार टप्प्यांचे आकडे निदान एकदा प्रत्येक विद्यार्थ्याचे घ्यावेत. चार कोपऱ्यांवर चार विद्यार्थी घड्याळ घेऊन उभे राहिले की काम भागते; आणि तेच विद्यार्थी आपले पहारेकरीही होतात.

काही विद्यार्थ्यांची गती मात्र शिक्षकाने ठरवू नये. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. हा आजार असलेल्या मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून या दौडीत उतरवू नये. जे केवळ वाहक आहेत त्यांना धावता येते. पण त्यांचा सराव हळूहळू वाढवावा, पाणी पुरेसे द्यावे आणि ‘थांबतो’ म्हटले की तत्क्षणी थांबू द्यावे. शुद्धीवर असूनही ज्याचे पाय एकाएकी दुर्बल होतात व दुखू लागतात, त्याला आळशी समजणे जिवावर बेतू शकते. दम्याच्या विद्यार्थ्याचा पंप त्याच्या खोलीतील पेटीत नव्हे, मार्गावरील शिक्षकाच्या खिशात असावा.

घोटा मुरगळल्यास प्रथम बूट व मोजा सांभाळून काढून पाहावे. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागील कडेवर दाबल्यास वेदना होत असेल, अथवा मुलास चार पावलेही टाकता येत नसतील, तर अस्थिभंगाची शंका धरून क्ष-किरण तपासणीस न्यावे. अन्यथा पाय उंच ठेवून कापडात गुंडाळलेला बर्फ किंवा थंड पाण्याची घडी पंधरा-वीस मिनिटे ठेवावी. चोळणे व तेल लावून मालीश करणे, हा वसतिगृहातील आवडता उपाय, त्या दिवशी कटाक्षाने टाळावा.

उष्माघाताची खूण म्हणजे असंबद्ध बोलणे आणि झोकांड्या जाणे. घाम येत आहे म्हणून निश्चिंत राहू नये. अशा मुलास सावलीत निजवून अंगभर गार पाणी ओतत राहावे व वारा घालावा. एकाने वाहन बोलवावे, पण वाहनाच्या प्रतीक्षेत थंड करणे थांबू नये. शुद्ध पुरती नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

राहिली मोजणी. आता विद्यार्थी जोडीने निघतात. जोडीदार थांबला तर दुसऱ्याने थांबावयाचे, आणि त्याबद्दल त्याची वेळ धरली जात नाही. सर्वांच्या मागे एक मोठा विद्यार्थी किंवा शिक्षक चालत-धावत येतो, त्याच्यापुढे गेल्यावाचून कोणी मागे राहू शकत नाही. निघताना प्रत्येकास क्रमांक लिहिलेली पत्र्याची चकती दिली जाते आणि परतताना ती खिळ्यांच्या फळीवर स्वतः अडकवावी लागते. फळीवर एक खिळा रिकामा असेल, तर न्याहारीची घंटा वाजत नाही.