तांत्रिक परिभाषेचा अनुवाद : ‘स्लिप’ या संज्ञेचे उदाहरण

वीजतंत्री अभ्यासक्रमाचे पुस्तक मराठीत आणताना शब्दकोशातला पहिला अर्थ उचलणे किती धोक्याचे असते, हे इंडक्शन मोटरमधील ‘स्लिप’ या संज्ञेवरून पाहू.

स्लिप म्हणजे घसरण, असे कोश सांगतो. ‘भार वाढल्यास मोटरची घसरण होते’ असे वाक्य त्यातून तयार होते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. परंतु ते वाचणारा प्रशिक्षणार्थी मोटर पायावरून सरकते किंवा पट्टा पुलीवरून निसटतो, असे समजेल आणि दोष शोधू लागेल. स्लिप हा दोष नव्हे. स्टेटरमधील चुंबकीय क्षेत्र फिरते आणि रोटर त्याच्या थोडा मागे राहतो. रोटरने तोच वेग गाठला, तर त्याच्या वाहकांना क्षेत्र छेदणार नाही, त्यांत वीजप्रवाह प्रवर्तित होणार नाही आणि फिरवणारे बलही उरणार नाही. मागे राहणे ही मोटर चालण्याची अटच आहे.

एक उदाहरण घ्या. ५० हर्ट्झवर चालणाऱ्या चार ध्रुवांच्या मोटरमध्ये क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते. नामपट्टीवर मात्र १४४० हा आकडा असतो. फरक ६० फेऱ्यांचा, म्हणजे १५०० च्या ४ टक्के. हीच पूर्ण भाराची स्लिप. म्हणून ‘स्लिप’ हा शब्द कायम ठेवून पहिल्याच वापरात तो उलगडावा : ‘भार वाढला की स्लिप वाढते, म्हणजे रोटर फिरत्या क्षेत्राच्या अधिक मागे पडतो.’ ‘घसरण’ हा शब्द पट्ट्यासाठी राखून ठेवलेला बरा.

‘स्टार-डेल्टा स्टार्टर’चे ‘तारा-त्रिकोण आरंभक’ असे रूपांतर मात्र तितके चुकीचे नाही. त्रिकोण या शब्दाने वेटोळ्यांच्या जोडणीचा आकार डोळ्यांसमोर उभा राहतो. तरीही दुकानात आणि पॅनेलवर ‘स्टार-डेल्टा’च भेटते, तेव्हा त्रिकोणाला स्पष्टीकरणात जागा द्यावी, नावात नव्हे. स्टारमध्ये सुरुवातीचा लाइन-प्रवाह डेल्टाच्या एक-तृतीयांश होतो, आणि आरंभीचे पीळबलही तेवढेच घटते. अनुवादात हे दुसरे अर्धे वाक्य गळाले, तर वाचक जड भाराच्या यंत्रालाही हाच स्टार्टर सुचवील.

‘व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह’साठी ‘चल वारंवारता चालक’ असा शब्द केला, तर ‘चालक’ या शब्दाने यंत्र चालवणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. ‘वारंवारता’ मात्र शालेय विज्ञानातून रुळलेली संज्ञा आहे, ती निःशंकपणे वापरावी. ‘व्हीएफडी हे मोटरला मिळणाऱ्या विजेची वारंवारता बदलून तिचा वेग बदलणारे उपकरण आहे’, एवढे पुरते.

स्वयं-अध्ययन प्रश्न : ‘बिनभार मोटरची स्लिप जवळजवळ शून्य असते, पण पूर्ण शून्य नसते’ हे विधान ‘स्लिप’ हा शब्द न वापरता दोन वाक्यांत लिहा.