‘परवडत नाही’ इंग्रजीत कसे सांगाल?

वेरूळला आलेल्या परदेशी पाहुण्याला हिमरू शाल विकताना ‘परवडत नाही’साठी ‘आय कान्ट अफोर्ड इट’ म्हणू नका. त्याचा अर्थ ‘ती विकत घेण्याएवढे पैसे माझ्याजवळ नाहीत’ असा होतो. ते वाक्य गिऱ्हाइकाचे आहे, दुकानदाराचे नव्हे.

समजा, आपण १२०० रुपये भाव सांगितला. पाहुणा घुटमळला, तर ‘व्हॉट वुड यू लाइक टू पे?’ असे विचारा. म्हणजे ‘तुम्ही काय द्याल?’ तो ७०० म्हणाला आणि शाल आपल्याला ८५० ला पडली असेल, तर म्हणा, ‘सॉरी, दॅट्स बिलो माय कॉस्ट.’ म्हणजे एवढ्यात मुद्दलही सुटत नाही.

‘बोहनी’ हा शब्द त्याला कळणार नाही. सकाळचे खरोखरच पहिले गिऱ्हाईक असेल, तर सांगा, ‘यू आर माय फर्स्ट कस्टमर टुडे, सो आय विल गिव्ह यू अ गुड प्राइस.’

शेवटचा भाव १००० असेल, तर ‘वन थाउजंड इज द बेस्ट आय कॅन डू’ म्हणा. त्यानंतर मात्र खाली उतरू नका. उतरलात, तर आधीचे ‘बिलो माय कॉस्ट’ही त्याला खोटे वाटेल. सौदा जमला नाही, तरी हसून ‘नो प्रॉब्लेम, थँक यू’ म्हणावे.