‘येतो’ला जर्मनीत काय म्हणायचं?

2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून यवतमाळ जिल्ह्यातली परिचारिका, इलेक्ट्रिशियन अशी मुलंमुली जर्मन शिकताना दिसतात आणि आम्हाला फोन करतात. श्टुटगार्टच्या आसपास बरीच वर्षं राहणाऱ्या आमच्या सातआठ घरांनी त्यांना वेळोवेळी जे सांगितलं, त्यातला अभिवादनाचा आणि शुभेच्छांचा भाग इथे एकत्र केला आहे. व्याकरण तुम्ही वर्गात शिकाल. दारात उभ्या असलेल्या माणसाला काय म्हणायचं, हे मात्र वर्गात निम्मंच कळतं.

खरं तर हे काम तुम्ही गावी रोज करता. यवतमाळच्या एसटी स्टँडवर पाच मिनिटं उभे राहा. एकाला तुम्ही ‘राम राम भाऊ’ म्हणता, दुसऱ्याच्या ‘जय भीम’ला ‘जय भीम’नेच उत्तर देता, पुसद-दिग्रसकडचा बंजारा मित्र भेटला की ‘जय सेवालाल’ आणि पांढरकवड्याकडचा गोंड मित्र भेटला की ‘जय सेवा’. शेवटच्या दोन्हींत ‘सेवा’ ऐकू येते, पण एक संत सेवालाल महाराजांचं नाव आहे आणि दुसरं गोंडी समाजाचं अभिवादन, त्यामुळे एकाच्या जागी दुसरं चालत नाही. ‘राम राम’चं गोंडी भाषांतर करावं असं तुमच्या मनातही येत नाही. समोरचा त्या जागी जे म्हणतो तेच तुम्ही म्हणता. जर्मनीतही एवढंच करायचं आहे.

फरक घड्याळाचा आहे. आपल्या ‘नमस्कार’ला वेळ नसते, तो पहाटेही चालतो आणि रात्रीही. ‘शुभ सकाळ’, ‘शुभ प्रभात’ हे मोबाइलवरच्या फुलांच्या चित्रांतून आलेले शब्द, विहिरीवर किंवा चहाच्या टपरीवर ते कोणी म्हणत नाही. तिथे ‘झाला काय चहा?’, ‘कुठी चालले?’ असे प्रश्न असतात आणि त्यांना उत्तर अपेक्षित नसतं. जर्मन माणसाला शेजाऱ्याने जिन्यात ‘कुठे चाललात?’ विचारलं, तर ती चौकशी वाटते. तिथे साधारण दहा-अकरापर्यंत ‘गूटन मॉर्गन’, मग ‘गूटन टाग’, आणि सहाच्या सुमारास ‘गूटन आबेंट’. श्टुटगार्टकडची वयस्कर मंडळी मात्र बहुतेक वेळा ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतात. त्यात देवाचं नाव आहे आणि ते दिवसभर चालतं, त्यामुळे आपल्या ‘राम राम’चा हा सर्वांत जवळचा भाऊ. त्यांनी तसं म्हटलं की तुम्हीही तसंच म्हणा. देव कोणाचा, हा विचार ‘राम राम’च्या वेळी तरी कुठे करतो आपण?

‘गूटे नाख्ट’पाशी सगळेच एकदा अडखळतात. शब्दशः ते ‘शुभ रात्री’, म्हणून संध्याकाळी सहाला ड्यूटी संपवून निघताना नवा माणूस ते बिनधास्त म्हणून जातो. पण ते झोपायला जाणाऱ्याला म्हणायचं असतं. आपल्यापैकी एका परिचारिकेने वॉर्डातून निघताना सहकाऱ्यांना ‘गूटे नाख्ट’ म्हटलं, तेव्हा सगळे हसून विचारू लागले, ‘एवढ्या लवकर झोपणार?’ कामावरून निघताना ‘श्योनेन फायरआबेंट’ म्हणतात. फायरआबेंट म्हणजे काम संपल्यानंतरची स्वतःची संध्याकाळ. मराठीत याला एक शब्द नाही. दिवेलागणीला दिव्याला हात जोडतानाची जी मोकळीक, तिच्या आसपासचं काहीतरी.

दुपारच्या जेवणाची गोष्ट याच्या उलट, इथे जर्मन आपल्या जवळ येतात. ‘जेवले काय?’ हे आपलं अभिवादनच. त्याचं जर्मन करून सहकाऱ्याला विचारलं, तर तो डबा काढून दाखवेल किंवा तुम्ही त्याला जेवायला बोलावताय असं समजेल. त्याऐवजी अकरा ते दोनच्या दरम्यान कचेरीच्या बोळातून जाणारा कोणीही ‘माल्त्साइट’ म्हणतो. त्याचा अर्थ फक्त ‘जेवणाची वेळ’ एवढा. उत्तरही ‘माल्त्साइट’च. जेवायला जाणारा, जेवून येणारा आणि उपाशी बसलेला, तिघेही तेच म्हणतात. आपल्या ‘जेवले काय?’सारखाच हाही अर्थ विसरलेला शब्द आहे, म्हणून बरोबर बसतो.

निरोप घेताना आपण ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो मंग’ म्हणतो. हे इतकं अंगात मुरलेलं असतं की शेजारीण दार लावत असताना जिभेवर ‘मी येतो’चं जर्मन येतं. मग ती दार उघडं धरून उभी राहते, कारण तुम्ही आत येणार असं तिला वाटतं. आमच्यातल्या एका घराने हा प्रसंग शब्दशः अनुभवला आहे. पण बघा, ‘आउफ वीडरझेएन’मध्येही पुन्हा भेटण्याचीच बोली आहे, जाण्याचा उच्चारच नाही. तुमचं ‘येतो’ त्यातच आहे. फोनवर मात्र भेट दिसत नाही, ऐकू येते, म्हणून तिथे ‘आउफ वीडरह्योरेन’. ओळखीत ‘चूस’, आणि स्वाबियन म्हातारी शेजारीण ‘आडे’ म्हणेल.

सणांकडे वळू. इथे शब्दशः भाषांतर जास्त महागात पडतं, कारण सणाच्या बोलण्याबरोबर काहीतरी हातात दिलं जातं. सगळ्यांत जास्त विचारलं जातं ते तिळगुळाविषयी. एकाने संक्रांतीला कचेरीच्या स्वयंपाकघरात डबा ठेवला आणि चिठ्ठी लावली, ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ याचं थेट जर्मन. दोन अडचणी झाल्या. आज्ञार्थामुळे वाचणाऱ्याला वाटलं की आपण कडू बोलतो अशी कोणाची तक्रार आहे. आणि गोड बोलणं हे आपल्याकडे सद्गुण असलं, तरी तिकडे त्याचा वास लाडीगोडीचा येतो. जर्मनमध्ये ज्येष्ठमधाचं लाकूड किसणं असा एक वाक्प्रचार आहे, त्याचा अर्थच मधाळ बोलून मर्जी मिळवणं. म्हणजे चिठ्ठीचा अर्थ जवळपास ‘हे खा आणि माझी खुशामत करा’ असा झाला.

आम्ही ती चिठ्ठी बदलली. आधी हे शोधलं की ‘गोड बोला’ म्हणताना आपण खरंच काय करतो. वर्षभरात झालेली कुरबूर मागे टाकू, पुढे नीट राहू, असंच ना? त्याला तिकडे तयार शब्द आहे: ‘आउफ आइन गूटेस मिटआइनांडर’, म्हणजे आपल्यात चांगलं जमू दे. पहिल्या ओळीत देवनागरीत ‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला’ तसंच ठेवलं, ते कोणी वाचणार नाही हे ठाऊक असूनही, कारण गोष्ट आपली आहे हे दिसायला हवं. खाली ते जर्मन वाक्य. तिसऱ्या ओळीत ‘आज आमची मकरसंक्रांत’. आणि चौथी ओळ सर्वांत कामाची: यात तीळ, गूळ, शेंगदाणे आहेत. युरोपात खाद्यपदार्थावर लिहायलाच लागतात अशा 14 ॲलर्जीकारक घटकांच्या यादीत तीळही आहेत आणि शेंगदाणेही. बालवाडीत किंवा शाळेत पाठवणार असाल, तर आधी शिक्षिकेला विचारा. पुष्कळदा उत्तर ‘नको’ येईल. मग मुलांना पतंगाचं चित्र द्या आणि तिळगूळ घरी द्या.

शुभेच्छा कधी द्यायच्या हेही भाषेचाच भाग आहे. आपल्याकडे ‘ॲडव्हान्समध्ये हॅपी बर्थडे’ सर्रास चालतं. जर्मनीत वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शुभेच्छा देणं अपशकुनाचं समजतात. नवीन वर्षाचंही तसंच. 31 डिसेंबरच्या रात्रीपर्यंत ‘गूटन रुट्श’ म्हणायचं, शब्दशः ‘चांगलं घसरा’, आणि बारा वाजल्यावरच ‘फ्रोएस नॉयेस यार’. ईस्टरआधीच्या शुक्रवारी शुभेच्छा देऊ नका. तो शोकाचा दिवस आहे. मोहरमला आपण जसं सांभाळून बोलतो, किंवा दुखवट्याच्या घरातल्या पहिल्या दिवाळीला जसे गप्प राहतो, तसं.

पोळ्याच्या वेळी मात्र आम्ही सगळेच एकदा फसलो. व्हॉट्सॲपवर ‘हॅपी पोळा’ फिरतं, ते जर्मन मित्रांना पाठवून पाहिलं. ‘कोणाला हॅपी?’ असा साधा प्रश्न आला. प्रश्न रास्त होता. पोळ्याचं मुख्य बोलणं माणसाशी नसतंच. खांदमळणीच्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावताना आपण त्यालाच सांगतो, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ ते आमंत्रण आहे आणि ते घेणारा गोठ्यात उभा आहे. जर्मन मित्रासाठी इथे शुभेच्छा शोधत बसू नये, गोष्ट सांगावी. बव्हेरियाच्या आल्प्समध्ये सप्टेंबरात गुरं डोंगरावरून खाली आणतात तेव्हा फुलांच्या मुकुटांनी आणि घंटांनी सजवतात, हे त्याला माहीत असतं. ‘आमच्याकडे तसंच, फक्त बैल आणि ते आमच्या दारात जेवायला येतात,’ एवढं म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं.

दसऱ्याचं शेवटी. ‘सोनं घ्या, सोन्यासारखे राहा’ याचं भाषांतर वृद्धाश्रमात काम करणाऱ्या आपल्या मुलीने चुकूनही करू नये. तिथे सोनं देणं-घेणं हा गंभीर विषय असतो. आपट्याची पानं बॅगेतून आणायची सोयही नाही: 14 डिसेंबर 2019 पासून युरोपीय संघात ताजी पानंफळं आणायला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. अननस, नारळ, डुरियन, केळी आणि खजूर एवढीच फळं सुटलेली आहेत. सुरुवातीला आम्ही सोनेरी कागद कापायचो. मग एका शरदात कोणाच्या तरी लक्षात आलं की इथल्या रस्त्याकडेला गिंकोची झाडं आहेत. त्याचं पानही आपट्यासारखं मधोमध दुभंगलेलं असतं आणि शरदात पूर्ण पिवळं होतं. शिवाय जर्मन माणसाला ते पान ओळखीचं असतं, कारण गोएटेने 1815 मध्ये त्यावर कविता लिहिली. 2023 चा दसरा 24 ऑक्टोबरला होता, तेव्हा पानांवर पिवळेपणा चढलेला होता. 2025 चा 2 ऑक्टोबरला आला आणि पानं हिरवीच होती. तरीही आम्ही ती हातात दिली, वर ‘आलेस गूटे’ म्हटलं, आणि आमच्यात धाकट्यांनी मोठ्यांच्या पाया पडून मराठीत ‘सोनं घ्या’ म्हटलं. शेजारच्या आजींनी ते हिरवं पान पुस्तकात ठेवलं आणि विचारलं, पिवळं कधी होईल?